विश्लेषण : विमानतळावर १०० वॉट-अवरची मर्यादा, पॉवर बँकेवर आकडा २०,००० एमएएचचा, हिशेब कसा करायचा?

२८ जानेवारी २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसान कंपनीचं विमान हाँगकाँगला निघण्याच्या तयारीत होतं. प्रवासी जागेवर बसले होते. तेवढ्यात मागच्या बाजूला, आसनांच्या वरच्या सामानाच्या कप्प्यातून धूर आणि मग ज्वाळा दिसू लागल्या. सगळे प्रवासी आणि कर्मचारी आपत्कालीन घसरगुंडीवरून बाहेर पडले, पण विमानाचं छत जळून गेलं. मार्चमध्ये तपास यंत्रणेनं प्राथमिक निष्कर्ष सांगितला : कप्प्यातल्या एका पॉवर बँकेच्या आत विद्युतरोधक थर निकामी होऊन आग लागली असण्याची शक्यता आहे.

त्यानंतर पॉवर बँकेवरच्या नियमांची रांगच लागली. १ मार्च २०२५ पासून कोरियात पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली. १ एप्रिलपासून सिंगापूर एअरलाइन्सनं विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं. २८ जूनपासून चीननं आपलं प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँका देशांतर्गत विमानांत आणू देणं थांबवलं. १ ऑक्टोबरपासून एमिरेट्सनं एका प्रवाशाला एकच पॉवर बँक, तीही १०० वॉट-अवरच्या आतली, असा नियम केला. त्याच महिन्यात दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेनं पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी आग लगेच विझवली, कुणाला इजा झाली नाही. पुढे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, उड्डाणात पॉवर बँकेनं मोबाइल चार्ज करण्यावर बंदी घातली.

या सगळ्या नियमांत एक एकक पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे वॉट-अवर. आणि ग्राहकाच्या हातातल्या पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं भलतंच : २०,००० एमएएच. दुकानदार तोच आकडा सांगतो, जाहिरातीत तोच असतो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत मात्र तो आकडा एकटा कामाचा नाही. तो वॉट-अवरमध्ये बदलावा लागतो, आणि बदलताना कोणता व्होल्टेज धरायचा यावर उत्तर पूर्ण पालटतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक चुकीच्या सल्ल्यांचं मूळ याच एका जागी आहे.

नियम नेमका काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत गेली अनेक वर्षं चालत आलेली चौकट तशी सोपी आहे. पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवायची नाही, सोबतच्या हँडबॅगेतच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरच्या मधली असेल तर कंपनीची आधी परवानगी हवी, आणि अशा दोनपेक्षा जास्त नेता येत नाहीत. १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. ही सर्वसाधारण चौकट झाली. एखादी विमान कंपनी किंवा देश याहून कडक नियम लावू शकतो आणि अनेकांनी तसे लावलेही आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १०० वॉट-अवरची मर्यादा प्रत्येक पॉवर बँकेला स्वतंत्रपणे लागू होते. ७४ वॉट-अवरच्या दोन पॉवर बँका असतील तर त्यांची बेरीज १४८ करून ‘परवानगी लागेल’ असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. किती नग चालतील, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ज्या कंपनीचं तिकीट आहे तिच्या संकेतस्थळावरच पाहायला हवं.

एमएएच हा आकडा अपुरा का आहे?

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर. बॅटरीत किती विद्युतभार साठला आहे, हे तो सांगतो. पण तो विद्युतभार किती दाबानं बाहेर पडतो, म्हणजे व्होल्टेज किती आहे, हे तो सांगत नाही. हे समजायला गच्चीवरची पाण्याची टाकी चांगली उपयोगी पडते. एक हजार लिटरची टाकी पहिल्या मजल्यावर असली काय आणि चौथ्या मजल्यावर असली काय, पाणी तेवढंच असतं. पण ते पाणी खाली सोडून एखादं चाक फिरवायचं असेल तर चौथ्या मजल्यावरच्या टाकीतून चौपट काम होईल. लिटर म्हणजे एमएएच, मजला म्हणजे व्होल्टेज आणि होणारं काम म्हणजे वॉट-अवर. ‘माझ्याकडे हजार लिटर पाणी आहे’ एवढंच सांगून काम किती होईल, ते कळत नाही.

विमान कंपन्यांनी वॉट-अवर निवडण्याचं कारणही हेच आहे. बॅटरी बिघडून तापू लागली की तिच्यातली साठवलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपानं बाहेर पडते आणि एक सेल शेजारच्या सेलला पेटवू शकतो. तेव्हा धोका किती मोठा, हे ऊर्जेवरून ठरतं. लॅपटॉप, कॅमेरा, ड्रोन आणि पॉवर बँक या सगळ्यांच्या बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे असतात. सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं तर वॉट-अवर हेच माप उरतं.

हिशेबाचं सूत्र दोन ओळींचं आहे :

```
Wh  = mAh × V ÷ 1000
mAh = Wh × 1000 ÷ V
```

यातला १००० फक्त ‘मिलि’ काढून टाकण्यासाठी आहे. खरी गोम V मध्ये आहे.

कोणता व्होल्टेज धरायचा?

पॉवर बँकेत निदान दोन व्होल्टेज असतात. एक आतल्या लिथियम सेलचा आणि दुसरा यूएसबीच्या खाचेतून बाहेर येणारा.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्टवर असतो आणि रिकामा होत होत ३ व्होल्टच्या आसपास येतो. या प्रवासातली सरासरी म्हणून ३.६ किंवा ३.७ व्होल्ट हा आकडा धरला जातो. मोबाइलला मात्र यूएसबीमधून ५ व्होल्ट लागतात, जलद चार्जिंग असेल तर ९, १२ किंवा २० व्होल्टसुद्धा. म्हणून पॉवर बँकेच्या आत एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, जे सेलचा ३.७ व्होल्ट चढवून ५ किंवा ९ व्होल्ट करतं.

डब्यावर ठळक लिहिलेले २०,००० एमएएच बहुतेक वेळा आतल्या सेलचे असतात, म्हणजे ३.७ व्होल्टवरचे. म्हणून त्यांना ३.७ नंच गुणायचं. २०,००० गुणिले ३.७ भागिले १००० म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० च्या बरंच आत.

आता नेहमीची चूक पाहू. पॉवर बँकेवर ‘आउटपुट ५ व्होल्ट’ असं लिहिलेलं दिसतं, म्हणून कुणीतरी २०,००० ला ५ नं गुणतो. उत्तर येतं बरोबर १००. आकडा इतका गोल येतो की तोच नियम असावा असं वाटतं, आणि मग ‘विमानात २०,००० एमएएचच्या वरची पॉवर बँक चालत नाही’ असा संदेश तयार होतो. प्रत्यक्षात ३.७ व्होल्टच्या सेलसाठी १०० वॉट-अवरची मर्यादा उलट सूत्रानं काढली तर १,००,००० भागिले ३.७, म्हणजे जवळपास २७,०२७ एमएएच येते. २५,००० एमएएचची पॉवर बँक ९२.५ वॉट-अवरची आहे आणि ती सर्वसाधारण नियमात बसते. चुकीच्या हिशेबानं मात्र ती १२५ वॉट-अवरची ठरते आणि माणूस ती घरीच ठेवून निघतो, किंवा रांगेत कुणी हटकलं तर वाद न घालता टाकून देतो.

बाजारात २६,८०० आणि २७,००० एमएएच असे विचित्र आकडे का दिसतात, याचं उत्तरही यातच आहे. २७,००० ला ३.७ नं गुणलं की ९९.९ येतात. २६,८०० ला गुणलं की ९९.१६. मर्यादेच्या कुंपणाला अगदी चिकटून ही उत्पादनं बनवलेली आहेत. ३०,००० एमएएचची घेतली की १११ वॉट-अवर होतात आणि परवानगीच्या पट्ट्यात पाय पडतो.

लेबल कसं वाचायचं?

चांगल्या पॉवर बँकेच्या मागच्या बाजूला किंवा कडेला अगदी बारीक अक्षरांत एक लेबल असतं. त्यावरचा मजकूर साधारण असा असतो :

```
Battery capacity: 20000mAh 3.7V 74Wh
Rated capacity:   12000mAh (5V 3A)
Input:  5V 3A, 9V 2A
Output: 5V 3A, 9V 2.22A, 12V 1.67A
```

पहिल्या ओळीत सगळं आहे. सेलचा विद्युतभार, सेलचा व्होल्टेज आणि थेट वॉट-अवर. तपासणी अधिकारी ज्याला विचारतात तो आकडा हाच : `74Wh`. इथे गुणाकाराचीही गरज नाही.

दुसरी ओळ पाहून अनेकांना फसवल्यासारखं वाटतं. डब्यावर २०,००० आणि इथे १२,००० कसे? पण ही ओळ वेगळ्या व्होल्टेजवरचा हिशेब देते. ७४ वॉट-अवर ऊर्जा ५ व्होल्टनं बाहेर काढायची तर ७४,००० भागिले ५, म्हणजे १४,८०० एमएएच व्हायला हवेत. मजला वाढवला की लिटर कमी होणारच. त्यात चढवणारं सर्किट थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. चार्ज करताना पॉवर बँक हाताला कोमट लागते, ती हीच ऊर्जा. उरतात १२,०००. त्यांचे वॉट-अवर ५ नं गुणून ६० येतात. ७४ पैकी ६०, म्हणजे सुमारे ८१ टक्के ऊर्जा यूएसबीपर्यंत पोहोचते. हे प्रमाण वाजवी आहे. तेव्हा दुसरी ओळ लपवाछपवीची नाही, उलट तीच जास्त प्रामाणिक म्हणायला हवी. ठळक आकडा कोणता छापायचा हे मात्र कंपनी ठरवते आणि कंपन्यांना मोठा आकडा आवडतो.

याच दोन ओळींची सरमिसळ झाली की उलट्या दिशेची, जास्त महागात पडणारी चूक होते. समजा, ३०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर दुसऱ्या ओळीत `18000mAh (5V)` असं लिहिलं आहे. कुणीतरी ३.७ हा आकडा पाठ केलेला असतो. तो १८,००० ला ३.७ नं गुणतो, ६६.६ वॉट-अवर काढतो आणि निश्चिंत होतो. पण हे १८,००० पाच व्होल्टवरचे आहेत, आणि तेही सर्किटनं आपला वाटा घेतल्यानंतरचे. आतल्या सेलमध्ये १११ वॉट-अवर आहेत. तपासणीत मोजली जाते ती सेलमधली ऊर्जा, बाहेर पडणारी नाही. म्हणून एमएएचचा कोणताही आकडा ज्या व्होल्टेजच्या शेजारी छापलेला आहे त्याच व्होल्टेजनं गुणायचा, आणि विमानासाठी ‘बॅटरी’ किंवा ‘सेल’ची ओळ घ्यायची, ‘रेटेड’ची नाही.

व्होल्टेज नेहमी ३.७ च असतो का?

नाही, आणि काठावरच्या पॉवर बँकांमध्ये हा फरक निर्णायक ठरतो. २०,००० एमएएचच्याच वेगवेगळ्या पॉवर बँकांवर ७२, ७४ आणि ७७ वॉट-अवर असे तीन आकडे दिसू शकतात. तिन्ही बरोबर असतात. पहिलीत सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरलेला असतो, दुसरीत ३.७, तिसरीत ३.८५. हा शेवटचा प्रकार जास्त व्होल्टपर्यंत भरता येणाऱ्या चपट्या सेलमध्ये आढळतो; आजच्या बहुतेक मोबाइलच्या बॅटऱ्याही याच घराण्यातल्या आहेत.

२०,००० ला याचा काही फरक पडत नाही, कारण ७७ सुद्धा १०० च्या खूप आत आहे. पण २६,८०० एमएएच घ्या. ३.६ व्होल्टनं ९६.४८ वॉट-अवर, ३.७ नं ९९.१६ आणि ३.८५ नं १०३.१८. एमएएच तेवढेच, पण तिसरी पॉवर बँक मर्यादेबाहेर गेली. म्हणूनच ‘२७,००० पर्यंत चालते’ हा नियमही अर्धवट आहे. ३.८५ व्होल्टच्या सेलसाठी मर्यादा सुमारे २५,९७० एमएएचवर येते. उलट, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या सेलचा व्होल्टेज ३.२ असतो, त्यामुळे तिथे ती ३१,२५० पर्यंत जाते. लेबलवर वॉट-अवर छापलेले असतील तर या भानगडीत पडायची गरजच नाही. छापलेले नसतील तर निदान सेलचा व्होल्टेज तरी शोधावा लागतो.

लॅपटॉप चार्ज करणाऱ्या पॉवर बँकेचं काय?

इथे गोंधळ आणखी वाढतो. लॅपटॉपला २० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. ३.७ वरून थेट २० वर चढवणं सर्किटला जड जातं, म्हणून मोठ्या पॉवर बँकांमध्ये काही वेळा चार सेल एकापुढे एक, म्हणजे टॉर्चमध्ये घालतो तसे एकसर जोडतात. असे जोडले की व्होल्टेजची बेरीज होते, विद्युतभार मात्र एका सेलएवढाच राहतो. शेजारी शेजारी, समांतर जोडले तर उलट : विद्युतभाराची बेरीज होते आणि व्होल्टेज तेवढाच राहतो.

समजा, एका पॉवर बँकेत प्रत्येकी ३,३५० एमएएचचे, ३.६ व्होल्टचे आठ सेल आहेत. आठही समांतर जोडले तर लेबलवर २६,८०० एमएएच, ३.६ व्होल्ट येईल. दोन-दोनच्या चार जोड्या करून त्या एकापुढे एक लावल्या तर ६,७०० एमएएच, १४.४ व्होल्ट येईल. दोन्हींचे वॉट-अवर काढले तर ९६.४८ च येतात, कारण आत सेल तेच आहेत.

गडबड होते ती लेबलवर `26800mAh` एका कोपऱ्यात आणि `14.4V` दुसऱ्या कोपऱ्यात असेल तेव्हा. हे दोन आकडे एकमेकांना गुणले तर ३८५ च्या वर वॉट-अवर येतात. हातात मावणाऱ्या वस्तूत एवढी ऊर्जा बसतच नाही. हिशेबातून असा काही आकडा बाहेर आला तर समजावं की एमएएच एका जोडणीचे आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडणीचा घेतला गेला आहे.

मग मोबाइल किती वेळा चार्ज होईल?

विमानतळ सोडून घरी आलं तरी हेच गणित उपयोगी पडतं. २०,००० भागिले ५,००० म्हणजे मोबाइल चार वेळा भरेल, असं विक्रेते सांगतात. पण मोबाइलची बॅटरी ३.८५ व्होल्टची असेल तर तिचे ५,००० एमएएच म्हणजे १९.२५ वॉट-अवर. पॉवर बँकेतून बाहेर येतात ६०. भागाकार केला तर तीनच्या किंचित वर जातो. त्यानंतर मोबाइलच्या आतही ५ किंवा ९ व्होल्ट पुन्हा खाली उतरवले जातात, तिथे आणखी थोडी ऊर्जा जाते, आणि चार्ज होताना स्क्रीन चालू असेल तर तिचा खर्च वेगळा. प्रत्यक्षात अडीच ते पावणेतीन वेळा मोबाइल पूर्ण भरला तर पॉवर बँक ठीक आहे असं समजायला हरकत नाही. दीड वेळातच ती संपत असेल तर एक तर ती जुनी झाली आहे किंवा लेबल खोटं आहे.

लेबल खोटं असेल तर कसं ओळखायचं?

सगळा हिशेब लेबलवर विश्वास ठेवून चालतो, आणि अडचण तिथेच आहे. ऑनलाइन किंवा फुटपाथवर ५०,००० एमएएचची, खिशात मावणारी, पाच-सहाशे रुपयांची पॉवर बँक सहज मिळते. तिचा दावा खरा मानला तर ५०,००० गुणिले ३.७ म्हणजे १८५ वॉट-अवर होतात, म्हणजे ती विमानात कोणत्याही परवानगीनं नेता येणार नाही. दावा खोटा असेल तर आत कदाचित त्याच्या पाव हिस्सा ऊर्जाही नसेल, पण तपासणी अधिकाऱ्याला दिसतं ते लेबल. फुगवलेला आकडा असा दोन्हीकडून नडतो.

खोटेपणा पकडायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे. चांगल्यातले चांगले लिथियम-आयन सेल घेतले तरी एका किलो वजनात साधारण २५० वॉट-अवर बसतात. त्या हिशेबानं ७४ वॉट-अवरसाठी नुसत्या सेलचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास हवं, वर सर्किट आणि खोका वेगळा. त्यामुळे खरीखुरी २०,००० एमएएचची पॉवर बँक साडेतीनशे ग्रॅमच्या घरात किंवा त्याहून जड असते. ५०,००० चा दावा करणारीत नुसते सेलच पाऊण किलोचे हवेत. काटा २०० ग्रॅम दाखवत असेल तर पुढचा हिशेब करायचं कारण नाही.

भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे. उत्पादनावर बीआयएसचं चिन्ह आणि `R-` नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएसच्या मोबाइल ॲपवर टाकून उत्पादक कोण आहे, ते पाहता येतं. चिन्ह छापणं सोपं आहे, म्हणून क्रमांक तपासावा.

रांगेत उभं राहण्याआधी काय पाहावं?

सर्वात जास्त अडचण होते ती लेबल पुसलं गेल्यामुळे. पिशवीत किल्ल्या आणि नाण्यांबरोबर वर्षभर घासली गेलेली पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असली तरी ते सिद्ध करायला काही उरत नाही. चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनानं २०१४ मध्येच स्पष्ट केलं होतं की वॉट-अवर छापलेले नसतील आणि इतर आकड्यांवरून काढताही येत नसतील तर ती पॉवर बँक नेता येणार नाही. एमिरेट्सच्या नियमातही क्षमतेची माहिती पॉवर बँकेवर असणं बंधनकारक आहे. अशा ठिकाणी मोबाइलमध्ये उघडलेलं उत्पादनाचं ऑनलाइन पान ग्राह्य धरलं जाईलच, याची खात्री देता येत नाही. मार्करनं स्वतःच `74Wh` लिहिणं तर उलट संशय वाढवणारं ठरतं.

लेबलवर फक्त एमएएच आणि सेलचा व्होल्टेज असेल तर अधिकाऱ्यासमोर गुणाकार करून दाखवता येतो. फक्त एमएएच असतील आणि व्होल्टेज यूएसबीचाच छापलेला असेल तर गोष्ट अधिकाऱ्याच्या निर्णयावर जाते. तो ५ नं गुणेल की ३.७ नं, हे प्रवाशाच्या हातात नाही. २०,००० एमएएचला ५ नं गुणलं तरी उत्तर बरोबर १०० वर थांबतं. त्याच्या पुढे, २२,००० किंवा २५,००० ला, तोच गुणाकार अडचणीत आणतो. वॉट-अवर न छापलेली मोठी पॉवर बँक विमान प्रवासासाठी विकत न घेणंच बरं, कारण तिथे गणित बरोबर असूनही हार होऊ शकते.

मुंबई किंवा पुण्याहून दुबई, सिंगापूरमार्गे पुढे जाणाऱ्यांनी संपूर्ण प्रवासातल्या सर्वात कडक कंपनीचा नियम धरून चालावं. मुंबईत चालून गेलेली दुसरी पॉवर बँक दुबईला विमान बदलताना नगसंख्येच्या नियमात अडकू शकते, मग ती ३७ वॉट-अवरची का असेना.